चौथा गट कुठे आहे? चाकणच्या रात्रपाळीचा हिशेब

दर १४ एप्रिलला आणि दर १ मे रोजी आपल्या मोबाईलवर एक पोस्टर फिरते: "बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले." भावना बरोबर आहे, पण चळवळीतल्या माणसाला नेमके आकडे माहीत असावेत. १९३४ च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तासांची आणि दिवसाला १० तासांची मुभा होती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्यांच्या काळात झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा आठवड्याला ४८ आणि दिवसाला ९ तासांवर आणली. १९४८ च्या कायद्याने तीच कायम ठेवली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ६ दिवस, म्हणजे पुन्हा ४८ हाच आकडा आहे.

हा ४८ चा आकडा आज चाकण, निघोजे, महाळुंगे, तळवडे, भोसरीच्या गेटच्या आत जिवंत आहे का? माझे म्हणणे आहे की चोवीस तास चालणाऱ्या बहुतेक कारखान्यांत तो फक्त कागदावर आहे. त्याला मारणारे हत्यार म्हणजे नोटीस बोर्डावर लावलेले शिफ्टचे वेळापत्रक. ते पत्रक आपण वाचायला शिकले पाहिजे, आणि वेळ आली तर स्वतः मांडायलाही शिकले पाहिजे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही, बेरीज-गुणाकार पुरे.

१६८ ला ४८ ने भागा

आठवड्यात १६८ तास असतात. उष्णता प्रक्रियेची भट्टी, काचेची भट्टी, टायरचे क्युअरिंग अशी कामे रविवार आहे म्हणून थांबत नाहीत, कारण भट्टी थंड करून परत तापवणे मालकाला परवडत नाही. तेव्हा त्या मशीनसमोरची एक जागा १६८ तास भरलेली हवी. एक कामगार कायद्याने ४८ तास देतो. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन. एका जागेला साडेतीन माणसे लागतात, तीन नव्हे.

पण कारखान्यात पाळ्या तीन: फर्स्ट, सेकंड आणि थर्ड. म्हणून आपल्या मनातही गट तीनच असतात. तीन गट गुणिले ४८ म्हणजे १४४ तास. उरलेले २४ तास, म्हणजे सुट्टीच्या दिवसाच्या तीन पाळ्या, कोण भरतो? तेच तीन गट भरतात. नेहमीची पद्धत अशी की सुट्टीच्या दिवशी दोन गट बारा-बारा तास काम करतात आणि तिसऱ्याला सुट्टी मिळते. म्हणजे प्रत्येक कामगाराचे दोन आठवडे ६० तासांचे आणि तिसरा ४८ तासांचा. सरासरी ५६. तुमचा आठ तासांचा दिवस तिथे संपला. तीन आठवड्यांत सुट्टी एकदा.

ओव्हरटाइमचा हिशेब बघा. आठवड्याला सरासरी ८ तास म्हणजे तेरा आठवड्यांच्या तिमाहीत १०४ तास. मूळ कायद्यात सर्वसाधारण मर्यादा तिमाहीला ५० तासांची होती. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीत वरची मर्यादा ७५ वरून ११५ केली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १४४ करायला आणि दिवसाचे कमाल तास ९ वरून १२ करायला मान्यता दिली. १०४ हा आकडा ५० आणि ७५ मध्ये बसत नव्हता, ११५ मध्ये बसतो, आणि सुट्टीच्या दिवसाची बारा तासांची पाळी नव्या १२ च्या मर्यादेत बसते. "लवचिकता" म्हणून जे विकले जाते, ते प्रत्यक्षात काय आहे हे या बेरजेतून कळते. चौथा गट न नेमता चोवीस तास कारखाना चालवण्याची ती सोय आहे.

चौथा गट महाग पडतो का?

"चार गट म्हणजे तेहतीस टक्के माणसे जास्त, कंपनी बुडेल," असे एचआरवाले सांगतात. आपण ताशी १०० रुपये मजुरी धरू, हिशेब सोपा राहील.

तीन गटांच्या पद्धतीत एका जागेवर तीन कामगार. प्रत्येकाचे ४८ तास साध्या दराने म्हणजे ४,८०० रुपये. वरचे सरासरी ८ तास कायद्याप्रमाणे दुप्पट दराने म्हणजे १,६०० रुपये. एकाचे झाले ६,४००, तिघांचे १९,२००.

आता चार गट. १६८ तासांना चौघांनी भागले की प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला ४२ तास येतात. समजा करार असा झाला की काम ४२ तास आणि पगार पूर्ण ४८ तासांचा. एकाचे ४,८००, चौघांचे १९,२००.

दोन्ही बेरजा सारख्याच आहेत. कायदा पाळणाऱ्या मालकाला चौथा गट मजुरीत एक रुपयाही महाग पडत नाही. पीएफ, बस, कँटीन, युनिफॉर्म, नव्या माणसाचे ट्रेनिंग हा प्रतिमाणशी खर्च वाढतो हे खरे आहे, आणि वाटाघाटीत ते मान्य करूनच बोलावे. पण तो मजुरीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा नसतो.

मग मालक चौथ्या गटाला एवढा का घाबरतो? कारण तो वरच्या तासांचे दुप्पट देतच नाही. कंत्राटी कामगाराला ओटी "सिंगल" दराने मिळते हे या पट्ट्यात कुणाला सांगायची गरज नाही. सिंगल दराने तिघांचा खर्च होतो १६,८००. एका जागेमागे आठवड्याला २,४०० रुपये वाचले. दहा जागांची लाइन असेल तर आठवड्याला २४,००० आणि वर्षाला जवळपास साडेबारा लाख. ही बचत कंत्राटी कामगाराच्या खिशातून काढलेली असते. म्हणून चौथ्या गटाची मागणी आणि दुप्पट ओटीची मागणी या दोन वेगळ्या मागण्या समजू नका. दुसरी पूर्ण मिळवली की पहिली नाकारण्याचे मालकाचे कारणच संपते.

"पण कामगारांनाच ओटी हवी असते"

हा प्रश्न आपल्याच माणसांकडून येतो आणि त्याला टाळून चालणार नाही. वरच्या हिशेबात पूर्ण ओटी मिळणाऱ्या कामगाराचे आठवड्याचे ६,४०० रुपये चार गटांत ४,८०० होतात. म्हणजे पाव हिस्सा कमी. खोलीचे भाडे, गावाकडे पाठवायचे पैसे, बाइकचा हप्ता यावर जगणाऱ्याला ही कपात सोसत नाही. त्याने विरोध केला तर त्याला मागास म्हणू नका.

उत्तर दोन टप्प्यांत आहे. पहिले असे की सिंगल दराने ओटी करणारा आज ६,४०० नव्हे, ५,६०० घेतो. त्याच्यासाठी फरक ८०० रुपयांचा आहे. दुसरे असे की हा फरक मूळ पगारात आणि रात्रपाळी भत्त्यात भरून काढण्याची मागणी शिफ्ट बदलण्याच्या करारातच लिहून घ्यायची, नंतर नव्हे. मालकाला अगदी काटेकोर ४२ तासांचाच पगार द्यायचा असेल तर चार गटांचा खर्च बरोबर १६,८०० येतो, म्हणजे आजच्या सिंगल ओटीइतकाच. तेव्हा वाटाघाटीची जागा १६,८०० आणि १९,२०० यांच्यामध्ये आहे. टेबलावर बसण्याआधी आपल्या माणसांना हे दोन्ही आकडे तोंडपाठ हवेत. "पगार न कापता ४२ तास" ही ओळ करारात नसेल तर चार गटांचा करार करू नका. तसा करार म्हणजे विश्रांतीच्या नावाखाली पगारकपात.

कोणत्या क्रमाने फिरायचे?

चार गट मिळाले म्हणून काम संपत नाही. ते गट कसे फिरवायचे यावर माणसाचे शरीर टिकते की मोडते हे ठरते.

आपल्याकडे आठवड्याला पाळी बदलते. सहा रात्री सलग, मग सुट्टी, मग फर्स्ट शिफ्ट. यात काय होते? शरीराचे आतले घड्याळ सूर्यप्रकाशावर चालते. ते रात्रपाळीला हळूहळू वळू लागते, पण सहा रात्रींत पूर्ण वळत नाही. अर्धे वळले की आपण त्याला परत दिवसावर आणतो. आणि दिवसाची झोप कुठे? पत्र्याच्या खोलीत, एप्रिलच्या उन्हात, शेजारी मुले खेळताना, दाराशी भाजीवाला ओरडताना. ती रात्रीच्या झोपेपेक्षा काही तासांनी कमीच असते. सहा दिवसांत ही उधारी साठत जाते. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर तसेही सर्वांत सुस्त असते. बोट प्रेसखाली जाण्याची भीती तेव्हाच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या शिफ्टच्या कामाला आणि २०१९ मध्ये पुन्हा रात्रपाळीला "बहुधा कर्करोगकारक" गटात ठेवले आहे.

म्हणून पहिला नियम: सलग रात्री दोन, फार तर तीन. शरीर वळायला लागण्याआधीच रात्र संपली पाहिजे.

दुसरा नियम दिशेचा. सकाळ, मग दुपार, मग रात्र हा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोपा जातो, कारण उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सोपे असते. उलट क्रमात झटपट फिरवले तर काय होते ते घड्याळात बघा. पाळ्या ७, ३ आणि ११ वाजता बदलतात असे धरू. सेकंड शिफ्ट रात्री ११ ला सुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला फर्स्ट, मध्ये आठ तास. त्यातून चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी आणि बसचा प्रवास जाता-येता दोन तास काढा. जेवण, आंघोळ काढा. झोपेला चार तास उरतात. असे पत्रक दिसले की ते लगेच नाकारायचे.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. १९४८ च्या कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, आणि नव्या संहितेतही तसेच, रात्रपाळीवाल्याची आठवड्याची सुट्टी म्हणजे त्याची पाळी सुटल्यापासूनचे सलग २४ तास. रविवारी सकाळी ७ ला थर्ड सुटली आणि सोमवारी सकाळी ७ ला फर्स्टला हजर झाला, तर कायद्याच्या लेखी त्याला पूर्ण सुट्टी मिळाली. प्रत्यक्षात तो रविवार झोपेत गेला. बाकीच्यांची सुट्टी शनिवारी दुपारी किंवा रात्री सुरू होते. याची सुरू होते तेव्हा त्याचे डोळे मिटत असतात. पुढे सरकणाऱ्या साप्ताहिक क्रमात सकाळवरून दुपारवर जाताना ४८ तास मिळतात, दुपारवरून रात्रीवर जाताना ४८, आणि रात्रीवरून सकाळवर जाताना फक्त २४. सर्वांत जास्त विश्रांती जिथे हवी तिथे सर्वांत कमी मिळते. उलट क्रमाने फिरवले तर ५६, ३२ आणि ३२ तास मिळतात. बेरीज दोन्हीकडे १२०च. म्हणजे तीन गट आणि एक सुट्टी यात कसेही फिरवा, कुठेतरी माणूस कापला जातोच. दोष फिरवण्यात नाही, गटांच्या संख्येत आहे.

आठ दिवसांचे चक्र

चार गटांचे सर्वांत साधे पत्रक आठ दिवसांचे आहे: दोन सकाळ, दोन दुपार, दोन रात्र, दोन सुट्ट्या. प म्हणजे पहिली, दु म्हणजे दुसरी, रा म्हणजे रात्र, सु म्हणजे सुट्टी.

गट अ: प प दु दु रा रा सु सु
गट ब: सु सु प प दु दु रा रा
गट क: रा रा सु सु प प दु दु
गट ड: दु दु रा रा सु सु प प

उभा रकाना कोणताही घ्या. त्यात एक प, एक दु, एक रा, एक सु सापडेल. म्हणजे रोज तिन्ही पाळ्या भरलेल्या आणि एक गट घरी. कोणतेही पत्रक तपासण्याची ही पहिली चाचणी.

दुसरी चाचणी आडव्या ओळीची. सलग कामाचे दिवस सहा. कुठलेही सात दिवस घेतले तरी कामाचे दिवस सहाच्या वर जात नाहीत, म्हणजे ४८ तासांची मर्यादा कधीच मोडत नाही. सकाळवरून दुपारवर जाताना २४ तास मिळतात, दुपारवरून रात्रीवर जातानाही २४. शेवटची रात्र सातव्या दिवशी सकाळी ७ ला सुटते आणि पुढची पहिली पाळी नवव्या दिवशी सकाळी ७ ला लागते, मध्ये पूर्ण ४८ तास. सातवा दिवस झोपेत जाईल, पण रात्र घरी मिळेल आणि आठवा दिवस खरोखर आपला असेल.

आणि रात्री किती? तीन गट सातही दिवस चालवले तर एका माणसाच्या वाट्याला वर्षाला साधारण १२२ रात्री येतात. या चक्रात ९१. वर्षाला एक महिना रात्रीची झोप परत मिळते.

या पत्रकाचा तोटाही सांगितला पाहिजे. सुट्टी सरकत राहते. आठ आठवड्यांत प्रत्येक वाराची सुट्टी दोनदाच येते. भोसरी-पिंपरीत ज्यांची गुरुवारची सुट्टी ठरलेली असते, त्यांचा घरचा सगळा आठवडा बदलतो. विहारात रविवारी जाणारा माणूस सलग दोन रविवार मोकळा मिळेल आणि मग सहा रविवार कामावर असेल, जरी त्यातल्या दोन रविवारी तो दुपारी ३ ला सुटत असला तरी. याला पर्याय म्हणून २-२-३ चे चार आठवड्यांचे चक्र जगात अनेक ठिकाणी वापरतात. त्यात दर चार आठवड्यांनी शुक्रवार ते रविवार सलग तीन सुट्ट्या मिळतात. पण त्यात सलग सात दिवस काम येते, आणि आठवडा सोमवारपासून मोजला तर एका आठवड्यात ५६ तास होतात. जुन्या कायद्यातला आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून सुरू होतो. तसा मोजला तर तेच पत्रक ४८ मध्ये बसते. पत्रक तेच, माणूस तोच, फक्त मोजायला सुरुवात कुठून केली त्यावर ओटी मिळणार की नाही हे ठरते. म्हणून कुणी २-२-३ दिले तर आधी विचारा: तुमचा आठवडा कुठल्या वारी सुरू होतो?

दोन्हींतले कोणते घ्यायचे ते कामगारांनी ठरवायचे आहे. दोन-तीन महिने चालवून बघावे आणि मग गुप्त मतदान घ्यावे. फक्त एक सूचना. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ईद, दिवाळी या दिवशी कोणत्या गटाची कोणती पाळी येते, हे चक्रावरून जानेवारीतच काढता येते. ३६५ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे दर वर्षी पाळी वेगळ्या गटावर जाते. वर्षाची यादी आधीच भिंतीवर लावली तर अदलाबदल सन्मानाने होते, आदल्या दिवशी सुपरवायझरच्या टेबलासमोर उभे राहावे लागत नाही.

रिलिव्हर नसेल तर सगळे व्यर्थ

चांगली पत्रके जिथे मोडतात ती जागा म्हणजे रजा. समजा लाइनवर दहा जागा आहेत आणि चार गटांत मोजून दहा-दहा माणसे नेमली. आठ दिवसांच्या चक्रात माणूस वर्षाला साधारण २७४ पाळ्या करतो. भरपगारी रजा, आजारपण, सणाच्या सुट्ट्या धरून त्यातल्या पंचवीसेक तो येणार नाही, आणि तो त्याचा हक्क आहे. म्हणजे दहा माणसांत रोज जवळपास एक जण गैरहजर. ती जागा कोण भरणार? सेकंड करून निघालेला माणूस. सुपरवायझर गेटवर अडवतो, "आज डबल मार." दुपारी ३ ते सकाळी ७, सोळा तास. आणि त्याची पहाट तीन-चार-पाचची वेळ मशीनसमोर जाते.

म्हणून प्रत्येक गटात दहा नव्हे, अकरा माणसे हवीत. अकरावा रिलिव्हर. पूर्ण लाइनला ४० नव्हे, ४४. वाटाघाटीत मालक चार गट मान्य करून हा अकरावा माणूस हळूच गाळतो, आणि सहा महिन्यांत डबल सुरू होऊन पत्रक कागदावर उरते. चार गट मान्य झाल्याच्या आनंदात हा आकडा विसरू नका.

रात्र कुणाच्या वाट्याला?

आतापर्यंत आपण चारही गट सारखे धरले. प्रत्यक्षात ते सारखे नसतात, आणि आपला खरा प्रश्न इथे आहे.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडात धरावा लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. पगार विणकाम खात्यात जास्त होता. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या चळवळीला त्यांनी विचारले की चांगल्या खात्याची दारे आमच्यासाठी बंद का. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, ही त्यांची मांडणी तिथल्या अनुभवाशी जोडलेली आहे.

आज खाते उघडे आहे, पण विभागणी वेळापत्रकात शिरली आहे. कायम कामगार तीन पाळ्यांत फिरतो, कारण त्याची युनियन आहे आणि करार आहे. ठेकेदाराचा माणूस, ट्रेनी, अप्रेंटिस कायम थर्डला टाकला जातो, किंवा "सेकंड आणि लागली तर थर्ड". हाउसकीपिंग आणि सफाईची माणसे बहुतेक वेळा कोणत्याच चक्रात नसतात. त्यांची बारा तासांची ड्युटी वेगळ्याच रजिस्टरवर. आणि सफाईला कोण, हे मला या वाचकांना सांगावे लागत नाही. कायम कामगारांच्या युनियनने स्वतःसाठी सुंदर पत्रक मिळवले आणि त्याच्या गैरसोयी ठेकेदाराच्या माणसांवर ढकलल्या, तर ती श्रमिकांची विभागणीच झाली, मग गेटवरचा झेंडा कोणत्याही रंगाचा असो.

महिलांच्या बाबतीतही हेच. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने सुरक्षेच्या अटींवर कारखान्यात महिलांची रात्रपाळी मोकळी केली, आणि नव्या संहितेत महिलेची संमती लागते. वायरिंगच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर आपल्या बहिणी मोठ्या संख्येने आहेत. संमती नाकारणाऱ्या बाईला कामावरून काढण्याची भीती नसेल, बस गेटपासून नव्हे तर घराच्या दारापासून असेल, आणि रात्रपाळी भत्ता सारखा असेल, तरच ती संमती खरी. एकही बाई रात्री नको म्हणून तिला चक्रातून काढायचे, मग भत्ता नाही आणि कायम होण्याची संधीही नाही, हाही अन्यायच.

काय मागायचे, कसे तपासायचे

पुढच्या गेट मीटिंगला भाषणाऐवजी तीन महिन्यांचे हजेरी रजिस्टर मागा. कामाच्या वेळांची नोटीस बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत ठळक जागी लावणे कारखान्यावर बंधनकारक आहे, तेव्हा ती मराठीत-हिंदीत आहे का ते आधी बघा. मग वहीत चार रकाने काढा.

पहिल्या रकान्यात प्रत्येकाच्या सलग रात्री मोजा. तीनच्या वर गेल्या की खूण करा. दुसऱ्यात दोन पाळ्यांमधले सर्वांत कमी तास लिहा. सोळाच्या खाली गेले तर का गेले ते विचारा. तिसऱ्यात डबल किती झाले ते मोजा. महिन्याला दोन-चार समजू शकतो, पण रोज एक असेल तर रिलिव्हर नाही असा त्याचा सरळ अर्थ आहे. चौथ्या रकान्यात रात्री वेगळ्या करा: कायम किती, कंत्राटी किती, सफाई किती. हा चौथा रकाना युनियन कधी काढत नाही. तो आपण काढायचा.

हे कागद हातात असले की मागणी चार ओळींत लिहिता येते. चार गट आणि प्रत्येक गटात रिलिव्हर. काम ४२ तास, पगार ४८ चा. सलग रात्री तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि शेवटच्या रात्रीनंतर ४८ तास. कायम, कंत्राटी आणि सफाई कामगार एकाच चक्रात. मालक ऐकत नसेल तर तेच रजिस्टर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि कामगार आयुक्तांकडे तक्रारीला जोडता येते. आकड्यांची तक्रार "वातावरण बिघडवतो" म्हणून फेकून देणे अवघड जाते.

बाबासाहेबांनी ५४ चे ४८ केले तेव्हा ते कायद्याच्या भाषेत आणि आकड्यांत बोलले. ते ४८ आज मोडले जातात तेही आकड्यांतच, फक्त लहान अक्षरांत, शिफ्ट ऑफिसच्या दारावर. ते वाचणारा एक तरी माणूस प्रत्येक लाइनवर असला पाहिजे.

जय भीम.